स्टार्च पचतो, मग सेल्युलोज का पचत नाही? अल्फा-बीटा बंधांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्बोदकांचा धडा शिकवून झाला की पुढचे आठ-दहा दिवस माझ्याकडे तेच ते प्रश्न येत राहतात. काही वर्गात येतात, काही परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर, आणि काही पालकांकडूनही. दर वेळी नव्यानं लिहिण्यापेक्षा उत्तरं एका जागी ठेवतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत आहेत.

१. अल्फा आणि बीटा म्हणजे नेमकं काय? दोन्हीकडे ग्लुकोजच असतं ना?

हो, ग्लुकोज तेच. १८१९ मध्ये फ्रान्समध्ये हेन्री ब्राकोनो यानं सल्फ्युरिक आम्ल वापरून लाकडाचा भुसा आणि जुन्या कापडापासून साखर मिळवून दाखवली होती. ती साखर स्टार्चपासून मिळते तीच निघाली. म्हणजे फरक विटांमध्ये नाही, त्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत यात आहे.

पाण्यात ग्लुकोजचा रेणू बहुतेक वेळ वलयाच्या रूपात असतो. वलयात पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन, आणि सहावा कार्बन वलयाबाहेर लटकलेला. पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवर एक OH गट असतो आणि त्याला दोन जागा शक्य असतात. बाहेर लटकलेला सहावा कार्बन वलयाच्या ज्या अंगाला आहे, त्याच्या विरुद्ध अंगाला हा OH असेल तर अल्फा. त्याच अंगाला असेल तर बीटा.

आता हा पहिल्या कार्बनवरचा OH पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनवरच्या OH शी जुळला की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि मध्ये एक ऑक्सिजन पुलासारखा उरतो. हाच ग्लायकोसिडिक बंध. जोडणीच्या वेळी पहिल्या कार्बनवरचा OH ज्या बाजूला होता त्यावरून बंधाला अल्फा-१,४ किंवा बीटा-१,४ म्हणतात. स्टार्चमध्ये पहिला, सेल्युलोजमध्ये दुसरा.

२. वहीत एक OH खाली काढायचा की वर, एवढाच तर फरक. त्यानं असं काय मोठं होतं?

वहीतल्या सपाट आकृतीनं इथे बऱ्याच जणांची फसगत होते. खरं वलय सपाट नसतं, ते आरामखुर्चीसारखं मुडपलेलं असतं. त्यावरचे गट दोन प्रकारे बसतात: काही वलयाच्या कडेनं आडवे बाहेर येतात, काही वलयाच्या पातळीला उभे राहतात.

बीटा जोडणीत पहिल्या कार्बनचा बंध आडवा असतो आणि पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनचाही आडवाच. दोन्ही टोकं आडवी असल्यामुळे साखळी सरळ पुढे जाते. मात्र ती तशी जुळण्यासाठी प्रत्येक पुढचं ग्लुकोज आधीच्याच्या तुलनेत अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरलेलं असावं लागतं. एक उताणं, एक पालथं, पुन्हा एक उताणं. म्हणून सेल्युलोजमध्ये पुन्हा पुन्हा येणारा तुकडा एका ग्लुकोजचा नसून दोघांचा धरतात. त्या जोडीला सेलोबायोज म्हणतात.

अल्फा जोडणीत पहिल्या कार्बनचा बंध उभा असतो आणि पुढच्याच्या चौथ्या कार्बनचा आडवा. त्यामुळे प्रत्येक सांध्याला एक वळण पडतं, आणि ही सगळी वळणं एकाच दिशेला असतात. गोल जिन्याची प्रत्येक पायरी थोडी वळवून बसवलेली असते तसंच हे. जिना आपोआप गोल फिरतो. आयोडीन मिसळल्यावर स्टार्चच्या सरळ साखळीची जी गुंडाळी तयार होते, तिच्या एका फेऱ्यात साधारण सहा ग्लुकोज येतात.

पुढचं सगळं या दोन आकारांतून निघतं. सरळ फिती एकमेकींना लागून झोपतात. आधी एकाच साखळीत शेजारच्या दोन ग्लुकोजमध्ये हायड्रोजन बंध तयार होतो आणि साखळी ताठ होते. मग शेजारच्या साखळ्याही हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. अशा अनेक साखळ्यांचा मिळून एक बारीक तंतू होतो. तो इतका घट्ट रचलेला असतो की आत पाणीसुद्धा शिरत नाही. गुंडाळी पडणाऱ्या साखळ्यांना असं पाठीला पाठ लावून बसणं जमत नाही.

३. स्टार्च म्हणजे फक्त अमायलोज का?

नाही. साधारण पाचवा ते चौथा भाग अमायलोज, बाकीचं अमायलोपेक्टिन. अमायलोजमध्ये जवळपास सगळे बंध अल्फा-१,४ असतात. अमायलोपेक्टिनमध्ये दर २४ ते ३० ग्लुकोजमागे एक फांदी फुटते, आणि त्या फांदीच्या सांध्यावरचा बंध अल्फा-१,६ असतो. या सांध्यांचं काय होतं ते प्रश्न ४ मध्ये.

४. लाळेतलं अमायलेज अल्फा बंध तोडतं. मग बीटा बंधावर त्याचं काय अडतं?

अमायलेजच्या रेणूवर एक लांबट खाच आहे. स्वादुपिंडातून येणाऱ्या अमायलेजच्या खाचेत सलग पाच ग्लुकोज बसतात. साखळी त्या खाचेत जरा वाकून बसते, आणि बसल्यावर तोडायचा बंध बरोबर तीन ठरावीक अमिनो आम्लांच्या मधोमध येतो. त्यातलं एक आम्ल बंधाच्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतं, दुसरं मागच्या बाजूनं पहिल्या कार्बनवर हल्ला करतं, आणि बंध तुटतो. हल्ला नेमक्या त्याच कोनातून व्हावा लागतो.

बीटा साखळी सरळ असते आणि दर दुसरं ग्लुकोज उलटं असतं. ती खाचेत टेकवायचा प्रयत्न केला, तरी ज्या जागी एका विशिष्ट OH नं असायला हवं तिथे दुसराच गट येतो, आणि तोडायचा बंध त्या अमिनो आम्लांकडे पाठ करून राहतो. त्यामुळे कात्री चालतच नाही. हळू चालते असंही म्हणता येत नाही, कारण साखळी मुळात बसतच नाही.

याच कारणानं अमायलेजला अल्फा-१,६ सांधेही तोडता येत नाहीत. ते फांद्यांच्या आजूबाजूला कापत जातं आणि शेवटी माल्टोज, माल्टोट्रायोज आणि फांदी असलेले छोटे तुकडे उरतात. हे तुकडे लहान आतड्याच्या अस्तरावरची एन्झाइमं संपवतात. त्यात सुक्रेज-आयसोमाल्टेज नावाचं एक जोड-एन्झाइम आहे. फांदीचे सांधे मुख्यतः त्याचा आयसोमाल्टेज भाग तोडतो. शेवटी रक्तात जातं ते सुटं ग्लुकोज.

५. हे प्रयोगशाळेत स्वतः बघता येईल का?

सहज. एक टक्का विरघळणाऱ्या स्टार्चचं द्रावण घ्या. तोंड स्वच्छ धुऊन लाळ गोळा करा आणि गाळून घ्या. एका परीक्षानळीत स्टार्च आणि थोडी लाळ. दुसरीत स्टार्च आणि पाच मिनिटं उकळून थंड केलेली लाळ. तिसरीत पाणी, लाळ आणि गाळणकागदाचे बारीक कपटे. तिन्ही नळ्या ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवा. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब ओळीनं मांडा आणि दर मिनिटाला पहिल्या नळीतला एक थेंब एका थेंबात मिसळा.

पहिला थेंब गडद निळा येतो. मग जांभळट, मग तांबूस तपकिरी, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळा रंगच राहतो. आयोडीन स्टार्चच्या गुंडाळीच्या पोकळीत शिरतं तेव्हा निळा रंग येतो. साखळी तुकडे होऊन लहान झाली की धरून ठेवायला पुरेशी गुंडाळी उरत नाही. त्यानंतर त्याच नळीतलं द्रावण बेनेडिक्टच्या द्रावणाबरोबर गरम केलं की विटकरी रंग येतो, म्हणजे साखर तयार झाली. उकळलेल्या लाळेची नळी शेवटपर्यंत निळी राहते. कागदाच्या नळीत दोन तासांनीही बेनेडिक्ट निळंच राहतं, म्हणजे साखर नाही.

दोन ठिकाणी प्रयोग हमखास बिघडतो. एक, गरम नळीत थेट आयोडीन टाकलं तर रंग उडतो आणि 'स्टार्च संपला' असं वाटतं. नळी थंड केली आणि निळा रंग परत आला, तर स्टार्च तिथेच होता असं समजा. दुसरी चूक मी स्वतः केली आहे. गाळणकागद संपला म्हणून वहीचा कागद फाडून दिला, आणि आयोडीनचा थेंब पडताच कागद निळा झाला. अर्धा तास वर्ग मला विचारत होता की सेल्युलोज निळं कसं झालं. लिहिण्याच्या कागदाला गुळगुळीतपणासाठी बऱ्याचदा स्टार्चच चोपडलेला असतो. निळा रंग त्याचा होता. प्रयोग सुरू करण्याआधी कोरड्या कागदावर एक थेंब टाकून बघा, म्हणजे फजिती टळेल.

६. म्हणजे बीटा बंध जास्त मजबूत असतो, असंच ना?

उत्तरपत्रिकेत हे वाक्य दर वर्षी सापडतं, आणि मी दर वर्षी त्यावर काट मारतो. एन्झाइम नसेल तर दोन्ही बंध अतिशय टिकाऊ असतात. साध्या तापमानाला, निव्वळ पाण्यात, सेल्युलोजमधले निम्मे बंध आपोआप तुटायला सुमारे ४७ लाख वर्षं लागतील असा मोजमापांवरून काढलेला अंदाज आहे. अल्फा बंधही पाण्यात ठेवला म्हणून विरघळून जात नाही. स्टार्च काही मिनिटांत तुटतो तो बंध नाजूक म्हणून नव्हे, तर आपल्याकडे त्या आकाराचं एन्झाइम आहे म्हणून.

सेल्युलोजच्या तंतूचा चिवटपणा ही वेगळी गोष्ट आहे. तो एका बंधाचा गुण नाही, अनेक साखळ्यांच्या रचनेचा गुण आहे (प्रश्न २). तेव्हा अडथळे दोन, आणि ते वेगवेगळे मोजा: बंधाचा आकार आणि साखळ्यांची ठासणी. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या वेगळेपणावर उभी आहेत.

७. पाण्यात ग्लुकोज अल्फाचं बीटा आणि बीटाचं अल्फा होत राहतं असं शिकलो. मग सेल्युलोज आपोआप स्टार्च का होत नाही?

चांगला प्रश्न. सुट्या ग्लुकोजचं वलय क्षणभर उघडतं आणि परत मिटतं. मिटताना OH कोणत्या बाजूला येईल ते बदलू शकतं. शेवटी पाण्यात साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असा समतोल साधतो. पण वलय उघडायला पहिल्या कार्बनवर मोकळा OH असावा लागतो. साखळीत तोच OH पुलात अडकलेला असतो, त्यामुळे बाजू जोडणीच्या क्षणीच पक्की होते. हजारो ग्लुकोजच्या साखळीत फक्त शेवटच्या एका टोकाला ही मुभा उरते, आणि त्यानं साखळीचा आकार बदलत नाही.

उलट दिशेनं बघितलं तर हेही लक्षात येतं की स्टार्च पचून सुटं झालेलं ग्लुकोज हळूहळू दोन्ही रूपांत येतं. बंध अल्फा होता की बीटा, याची आठवण त्यात राहत नाही.

८. दुधातल्या लॅक्टोजमध्येही बीटा-१,४ बंध आहे. तो तर पचतो. मग?

इथे 'माणसाला बीटा बंध पचत नाही' हे सरसकट विधान कोसळतं, आणि ते कोसळायलाच हवं. लॅक्टोजमध्ये गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज बीटा-१,४ बंधानं जोडलेले असतात आणि लहान आतड्यातलं लॅक्टेज तो बंध तोडतं. हेच एन्झाइम प्रश्न २ मधला सेलोबायोजही काही प्रमाणात तोडू शकतं. शरीरात बीटा बंध तोडणारी इतर एन्झाइमंही आहेत. अश्रू आणि लाळेतलं लायसोझाइम जिवाणूंच्या भिंतीतला बीटा-१,४ बंध तोडतं.

मग लॅक्टेज सेल्युलोज का तोडत नाही? ते आतड्याच्या अस्तरावर घट्ट बसलेलं आहे आणि छोट्या, विरघळलेल्या रेणूंसाठी घडलेलं आहे. घट्ट तंतूतली लांब साखळी उकलून मधोमध कापणारं एन्झाइम आधी लागतं. आपल्यात नाही ते नेमकं तेच. तेव्हा अचूक वाक्य असं लिहा: माणसाकडे सेल्युलेज नाही.

९. आणि अल्फा बंध असला की पचतोच का?

तेही नाही. द्विदल बियांमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्यात गॅलॅक्टोज अल्फा-१,६ बंधानं जोडलेलं असतं. तो तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज आपल्या लहान आतड्यात नसतं. या शर्करा तशाच मोठ्या आतड्यात जातात, जिवाणू त्या आंबवतात, आणि पोटात गॅस होतो. बंध अल्फा, १,६ हा क्रमांकसुद्धा स्टार्चच्या फांदीसारखाच, फक्त साखर वेगळी. तेवढ्यानं एन्झाइम चालेनासं होतं.

दुसरं उदाहरण कच्च्या बटाट्याच्या स्टार्चचं. सगळे बंध अल्फा ग्लुकोजचेच, तरी त्याचे घट्ट कण लहान आतड्यात बऱ्याच अंशी न पचता पुढे जातात. बंध बरोबर असला तरी ठासणी आडवी येते. पाण्यात साधारण ६० ते ७० अंशांना तापवलं की कण फुगतात, रचना मोडते आणि अमायलेजला वाट मिळते. शिजलेला स्टार्च थंड करून ठेवला तर त्यातला काही भाग पुन्हा ठासून बसतो आणि पचायला अवघड होतो.

१०. मग सेल्युलोजही भरपूर शिजवलं तर पचेल?

नाही. भाजी मऊ होते ती मुख्यतः पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सुटल्यामुळे. सेल्युलोजचा तंतू तसाच राहतो. पाण्यात त्याची स्फटिकी रचना मोडलेली प्रयोगात दिसली आहे ती ३२० अंश सेल्सिअस आणि २५ मेगापास्कल दाबाला. कुठलंही स्वयंपाकाचं भांडं त्याच्या जवळपासही पोचत नाही.

आणि समजा ठासणी मोडली, तरी पहिला अडथळा राहतोच. ओट्समधलं बीटा-ग्लुकन बघा. त्यात बीटा-१,४ च्या अधूनमधून बीटा-१,३ बंध येतात, त्यामुळे साखळी वाकडी होते, ठासून बसत नाही आणि पाण्यात विरघळून बुळबुळीत होते. एवढं मोकळं असूनही आपलं अमायलेज त्याला हात लावू शकत नाही.

११. गाईला जमतं, मग गाईकडे सेल्युलेज आहे का? आपण त्याची गोळी घेतली तर?

गाईचं स्वतःचं नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जिवाणू, बुरशी आणि एकपेशीय जीव राहतात, त्यांचं आहे. तेही एक एन्झाइम नसतं. एक साखळीला मधे कुठेतरी काप देतं, दुसरं त्या टोकापासून सेलोबायोजच्या जोड्या सोलत जातं, तिसरं त्या जोड्यांचं ग्लुकोज करतं. ते ग्लुकोजही गाईला फारसं मिळत नाही. सूक्ष्मजीव त्याची असिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं करतात आणि गाय मुख्यतः त्यांच्यावर जगते. वाळवीच्या काही जातींत मात्र वाळवीचं स्वतःचं सेल्युलेजही सापडलं आहे.

गोळीचं म्हणाल तर वेळेचं गणित बसत नाही. कारखान्यात आधी रसायनांनी किंवा वाफेनं तंतू मोकळा करतात, मग सुमारे ५० अंशांना आणि किंचित आम्लधर्मी द्रावणात सेल्युलेजचं मिश्रण दोन-तीन दिवस ठेवतात. आपल्या लहान आतड्यातून अन्न काही तासांत पुढे सरकतं.

१२. म्हणजे सेल्युलोजपासून आपल्याला शून्य ऊर्जा?

जवळपास, पण अगदी शून्य नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातला काही भाग आंबवतात आणि तयार झालेली छोटी आम्लं आपण शोषतो. कोवळ्या भाजीतलं सेल्युलोज त्यांना जास्त साधतं, लिग्निन भरलेलं लाकडी सेल्युलोज जवळजवळ नाहीच. पचलेल्या स्टार्चच्या एका ग्रॅममागे ४ किलोकॅलरी धरतात. एकूण तंतुमय पदार्थांसाठी सरासरी २ धरतात, पण त्यात बीटा-ग्लुकनसारखे सहज आंबणारे पदार्थही असतात. निव्वळ सेल्युलोजचा वाटा याहून कमी.

१३. बीटा-अमायलेज नावाचं एन्झाइम वाचलं. ते तरी बीटा बंध तोडत असेल?

नाही. नाव फसवं आहे, आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांत हे मुद्दाम टाकतात. अल्फा-अमायलेज आणि बीटा-अमायलेज दोन्ही स्टार्चमधले अल्फा-१,४ बंधच तोडतात. नावातलं अक्षर बंधाचं नसून सुट्या होणाऱ्या तुकड्याचं आहे. बीटा-अमायलेज साखळीच्या टोकापासून दोन-दोन ग्लुकोज कापतं, आणि कापताना पहिल्या कार्बनची बाजू उलटवून बीटा रूपातलं माल्टोज सोडतं. अल्फा-अमायलेज बाजू कायम ठेवतं. बीटा-अमायलेज मोड आलेल्या सातूत किंवा रताळ्यात सापडतं, माणसात नसतं. आणि काही तास पाण्यात राहिलं की ते माल्टोजही प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे दोन्ही रूपांत मिसळून जातं.